प्लॅनवरचा आकडा बाजूला ठेवा, रात्री साडेनऊचा अपलोड मोजा

नाशिकला घरून पीएस फाइव्हवरचे फुटबॉल सामने ट्विचवर दाखवायला सुरुवात केली, तेव्हा प्लॅन 100 एमबीपीएसचा होता. कन्सोलचं चित्र कॅप्चर कार्डने कॉम्प्युटरवर घ्यायचो आणि तिथून ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरने पाठवायचो. 100 च्या भरवशावर ओबीएसमध्ये बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवायचा डेटा, 6000 केबीपीएस, म्हणजे 6 एमबीपीएस ठेवला. 100 पैकी 6 म्हणजे काहीच नाही, असं वाटलं. पहिल्याच रात्री मित्राचा मेसेज आला, "चेंडू डीपर्यंत जातो आणि चित्र थांबतं. गोल झालेला कळतो, दिसत नाही."

ते 100 डाउनलोडचे होते. स्ट्रीम जातो अपलोडवरून. केबलवाल्या दादांना विचारल्यावर कळलं की आमच्या प्लॅनला अपलोड 20 आहे, आणि तोही गल्लीतल्या इतर घरांबरोबर वाटून मिळतो. मग मी चार दिवस, दुपारी आणि रात्री, स्पीड टेस्ट घेऊन वहीत लिहिल्या. दुपारी 18 यायचे. रात्री साडेनऊला 8, 7, एकदा 6.2. मी खेळतो रात्री, त्यामुळे माझ्या कामाचा आकडा 6.2. टेस्ट घेताना कन्सोल आणि कॉम्प्युटर लॅन केबलने राउटरला जोडा. वायफायवर घेतलेल्या टेस्टमध्ये लाइन किती देते आणि भिंतीत किती जातं, हे वेगळं काढता येत नाही.

सगळ्यात कमी आलेल्या आकड्याच्या साधारण दोन तृतीयांश एवढाच बिटरेट ठेवायचा, हा माझा नियम. 6.2 चे दोन तृतीयांश जवळजवळ 4.1. म्हणून व्हिडिओला 4000, आवाजाला 160. उरलेली जागा रिकामी वाटली तरी ती लागते. त्यातून ऑनलाइन सामन्याचा डेटा जातो, घरातल्या कुणाचा फोन अचानक फोटोंचा बॅकअप घ्यायला लागतो. शिवाय वाटेत एखादं पॅकेट हरवलं की ते पुन्हा पाठवावं लागतं. जागाच नसेल तर पॅकेटांची रांग लागते, ती वाढत जाते आणि शेवटी ओबीएस फ्रेम टाकून देतं. प्रेक्षकाला दिसणारा झटका तो हाच. त्याच रांगेत तुमच्या खेळाची पॅकेटंही अडकतात, म्हणून पिंगही वाढतो.

4000 मध्ये 1080p60 दाखवायचा मोह आवरा. 1080p मध्ये 720p च्या सव्वादोन पट पिक्सेल असतात. तेवढ्याच बिटरेटमध्ये ते भागवायचे म्हटलं की कॅमेरा फिरताना मैदानावरच्या गवताचे चौकोन होतात. मी 720p60 वर आलो आणि चित्र उलट स्वच्छ झालं. `Rate Control` मध्ये `CBR` आणि `Keyframe Interval` 2 सेकंद ठेवा, ट्विचची शिफारसही तीच आहे. आणखी एक कारण माझ्या दृष्टीने मोठं आहे. नवीन चॅनेलला ट्विचवर कमी क्वालिटीचे पर्याय दरवेळी मिळतीलच असं नाही. ते नसले, तर गावाकडे मोबाइल डेटावर बघणाऱ्यालाही तुमचा पूर्ण बिटरेट ओढावा लागतो. तुमच्याकडून 6000 नीट गेले तरी त्याच्याकडे अडखळतील.

लाइव्ह जाण्याआधी रंगीत तालीम करा. ओबीएसच्या स्ट्रीम सेटिंगमध्ये ट्विचसाठी `Enable Bandwidth Test Mode` असतं. ते लावलं की स्ट्रीम कुणाला दिसत नाही. रात्रीच्या वेळी अर्धा तास खरा सामना खेळा आणि `Stats` ची खिडकी उघडी ठेवा. तिथे `Dropped Frames (Network)` चा आकडा शून्यावर राहिला पाहिजे. मला 6000 ला तो 7 टक्क्यांवर गेलेला दिसला, 4000 ला अर्ध्या तासात हललाच नाही. आकडा चढला तर 500 ने उतरा आणि पुन्हा बघा. तो शून्य असून `Skipped frames due to encoding lag` वाढत असेल, तर दोष इंटरनेटचा नाही, कॉम्प्युटरला एन्कोडिंग, म्हणजे चित्र दाबून पाठवण्याजोगं करणं, झेपत नाहीये. तिथे बिटरेट कमी करून फरक पडत नाही. हलका प्रीसेट घ्या किंवा एन्कोडिंग ग्राफिक्स कार्डवर टाका. तालीम झाली की टेस्ट मोड आठवणीने काढा.

कॅप्चर कार्ड नसेल आणि थेट पीएस फाइव्हवरून ब्रॉडकास्ट करत असाल, तर तिथे बिटरेटचा आकडा भरता येत नाही, रिझोल्यूशन निवडता येतं. माझ्यासारखी लाइन असेल तर 720p घ्या.

डेटाचाही हिशोब लावून ठेवा. 4000 केबीपीएसला तासाला 1.8 जीबी जातात. रोज तीन तास धरले तर महिन्याला सुमारे 160 जीबी. लहान ऑपरेटरच्या प्लॅनला डेटाची मर्यादा असेल, तर ती संपल्यावर वेग एक-दोन एमबीपीएसवर येतो आणि महिनाअखेरीस स्ट्रीम अचानक अडखळू लागतो. तेव्हा सेटिंग बदलत बसण्याआधी ऑपरेटरच्या अ‍ॅपमध्ये किती डेटा शिल्लक आहे ते बघा.