टायर मोठे टाकल्यावर काटा बरोबर दिसला, तर आधी शंका घ्या

टायरच्या साइजचा हिशेब तुम्ही आयटीआयमध्ये केलेला असेल, म्हणून तो लवकर उरकतो. २१५/७५ आर१५ म्हणजे रुंदी २१५ मिमी आणि बाजूची उंची तिच्या ७५ टक्के. दोन्ही बाजू मिळून ३२२.५ मिमी, त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिळवले की व्यास ७०३.५ मिमी. २३५/७५ आर१५चा व्यास ७३३.५ येतो, म्हणजे सव्वाचार टक्के जास्त. सेन्सर फक्त फेरे मोजतो. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, पण मीटरला ते कळत नाही. त्यामुळे वेग आणि किलोमीटर दोन्ही कमी दिसतात.

इथवर मलाही येत होतं. तरीही मी फसलो, आणि त्याचा भुर्दंड दुसऱ्याला पडला.

साताऱ्यात कामाला लागून वर्ष झालं होतं. एका मालकाच्या जुन्या, एबीएस नसलेल्या बोलेरोला आम्ही वर सांगितलेले मोठे टायर टाकले. हायवेवर नेऊन फोनच्या जीपीएसशी ताडून पाहिलं. काटा ८० वर, जीपीएस ७९. उस्ताद म्हणाले, "जुळतंय ना? मग सोड." मी सोडलं.

दोन महिन्यांनी मालक वही घेऊन आले. गाडी ठेकेदाराकडे किलोमीटरच्या दराने लावलेली होती. त्याच रस्त्याच्या त्याच फेऱ्या, तरी रनिंग कमी भरत होतं आणि ॲव्हरेजही पडलं होतं. मी एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर तपासायला पाठवले. दोष तिथे नव्हताच.

आता नीट लक्ष द्या. कंपनीच्या साइजवर काटा मुळातच थोडा जास्त दाखवतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमात तर स्पष्ट आहे की काटा खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचा नाही, जास्त चालेल, तोही ठरलेल्या मर्यादेत. त्या बोलेरोचा काटा जुन्या टायरवर ८० दाखवायचा तेव्हा खरा वेग ७६ असायचा. टायर सव्वाचार टक्के मोठे झाले आणि ७६चे ७९ झाले. काटा सुधारला नव्हता, त्याची राखीव जागा टायरने खाल्ली होती. किलोमीटरच्या आकड्याला मात्र अशी राखीव जागा जवळपास नसते. तो आधी बरोबर होता आणि आता तेवढाच मागे पडला. मीटरवर ८,००० झाले तेव्हा गाडी ८,३४० धावली होती. ते ३४० किलोमीटर मालकांना कुणी दिले नाहीत.

म्हणून काटा जीपीएसशी जुळवत बसू नका. किलोमीटर जुळवा. ट्रिप शून्य करून हायवेच्या सरळ भागावर किलोमीटरचे ५० दगड मोजा. घाटात फोनवर अंतर मोजू नका, वळणं कापून तो कमी दाखवतो. आमची ट्रिप ५० दगडांना ४८.० आली. ५० भागिले ४८ म्हणजे १.०४२, हिशेबाशी जुळणारंच. हवा मात्र आधी नीट भरून घ्या.

दुरुस्ती अवघड नाही, घाबरू नका. या गाडीचा सेन्सर गिअरबॉक्सवर होता. सेन्सर आणि मीटर यांच्यामधल्या सिग्नलच्या वायरीत पल्स वाढवणारा छोटा बॉक्स बसवला आणि ४.२ टक्के वाढ दिली. एबीएसच्या गाडीत चाकांचे सेन्सर वापरात असतात, तिथे वायर कापायची नाही. स्कॅनरने टायरचा घेर बदलता येतो का ते आधी बघायचं. काही गाड्यांत ठरावीक साइजच निवडता येतात आणि काहींत काहीच बदलत नाही. तसं असेल तर टायर टाकण्यापूर्वीच गिऱ्हाइकाला सांगा. अर्ध्या टक्क्यामागे धावू नका, टायर झिजता झिजता व्यास स्वतःच दीड-दोन टक्क्यांनी उतरतो.

गिऱ्हाईक कधीतरी म्हणेल, आधीचे राहिलेले किलोमीटरही मीटरवर चढवून द्या. अजिबात हात लावू नका. कॅलिब्रेशन पुढच्या धावेचं असतं. मागचा आकडा बदलणं, वर असो वा खाली, ही फसवणूकच. मी बिलावर त्या दिवसाचं रीडिंग, जुनी-नवी साइज आणि दिलेली टक्केवारी लिहून दिली. तो कागद दाखवून मालकांनी ठेकेदाराशी फरकाचं बोलणं केलं.

बॉक्स बसवल्यावर ५० दगडांना ट्रिप ५०.० आली. परतताना मालक म्हणाले, "अरे, काटा ८० वर आणि फोन ७६ दाखवतोय, बिघडवलास की काय?" मी गाडी कडेला घ्यायला लावली आणि वहीच्या मागच्या पानावर त्यांना दोन्ही आकडे मांडून दाखवले.