निष्कर्ष खरा आहे, पण तो विधानांतून निघतो का? सिलॉजिझमची उत्तरं तपासायची रीत

हा प्रश्न आधी वाचा.

विधाने: तूर हे कडधान्य आहे. काही कडधान्ये खरिपात पेरली जातात.
निष्कर्ष: तूर खरिपात पेरली जाते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या अभ्यासिकेत मी पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेच्या मुलांना बुद्धिमत्ता चाचणी शिकवतो. वर्ग सुरू केला त्या वर्षी चौदापैकी चौदा मुलांनी या प्रश्नाला ‘निष्कर्ष निघतो’ असं लिहिलं आणि मी चौदाही जणांना गुण दिले. मी ज्या गाईडमधून प्रश्न घेतला होता, तिच्या उत्तरतालिकेतही ‘निघतो’च छापलं होतं. वह्या परत वाटल्या तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, मंग चना बी कडधान्यच हाय ना जी. तो तं दिवाळीच्या टायमाले पेरते.” त्या एका वाक्यात सगळी तपासणी आली होती आणि माझ्या ती ध्यानात आली नव्हती.

तूर खरिपात पेरतात हे आमच्या मुलांना कोणी सांगावं लागत नाही. पऱ्हाटीच्या तासांमध्ये तुरीची ओळ त्यांनी स्वतः टोबलेली असते. अडचण तिथेच आहे. निष्कर्ष वाचला की वावर डोळ्यांसमोर येतं, मन ‘बरोबर’ म्हणतं आणि वरची दोन विधानं वाचायची राहून जातात. हे फक्त आमच्याच मुलांचं होतं असं नाही. १९८३ साली जोनाथन इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये याचे प्रयोग केले. विधानांतून न निघणारा पण पटण्याजोगा निष्कर्ष लोकांनी सुमारे ७१ टक्के वेळा स्वीकारला. तसाच न निघणारा, पण न पटणारा निष्कर्ष मात्र जेमतेम १० टक्के वेळा स्वीकारला गेला. युक्तिवादातली चूक तीच, पण निष्कर्ष ओळखीचा वाटला की ती दिसेनाशी होते.

तपासायला बसताना पहिलं काम सोपं आहे. शब्द झाका आणि अक्षरं लिहा: क हा ख आहे, काही ख ग आहेत, म्हणून क हा ग आहे. वावर डोळ्यांपुढून गेलं की निम्मी मुलं इथेच थबकतात. जी थबकत नाहीत त्यांच्यासाठी पुढची पायरी आहे, आणि मला सगळ्यात जास्त दिवस तिनेच छळलं.

ती म्हणजे वर्तुळं काढणं. बहुतेक गाईड सांगतात, ‘विधानांप्रमाणे आकृती काढा आणि निष्कर्ष आकृतीत दिसतो का ते पाहा.’ हा सल्ला अपुरा आहे आणि त्यानेच मुलं चुकतात. मीही याच सल्ल्याने चुकत होतो. कडधान्यांचं मोठं वर्तुळ काढायचो, त्यात तुरीचं लहान वर्तुळ. मग खरिपाचं वर्तुळ काढताना पेन्सिल आपोआप तुरीवरून जायची, कारण तूर खरिपातली हे मला ठाऊक होतं. आकृतीत निष्कर्ष दिसायचा आणि मी ‘निघतो’ लिहून मोकळा व्हायचो. आकृती चुकीची नव्हती. पण तेवढी एकच आकृती काढता येते, असं मी धरून चाललो होतो.

म्हणून माझा नियम आता उलटा आहे. निष्कर्ष दिसेल अशी आकृती काढायचीच नाही. दोन्ही विधानं शाबूत राहतील आणि निष्कर्ष मोडेल, अशी आकृती काढायचा प्रयत्न करायचा. दुसरं विधान एवढंच सांगतं की खरिपाचं वर्तुळ कडधान्यांच्या वर्तुळात कुठेतरी शिरलं पाहिजे. ते तुरीच्या विरुद्ध बाजूने आत घ्या. तूर कडधान्यांत आहे, काही कडधान्ये खरिपात आहेत आणि तूर खरिपाच्या बाहेर आहे. विधानांनी हे कुठेही अडवलेलं नाही. अशी एक आकृती जमली की विषय संपला: निष्कर्ष निघत नाही, मग तो प्रत्यक्षात कितीही खरा असो.

ज्यांना वर्तुळं भावत नाहीत त्यांच्यासाठी त्या मुलीची रीत आहे. सांगाडा तोच ठेवायचा आणि शब्द बदलायचा. हरभरा हे कडधान्य आहे. काही कडधान्ये खरिपात पेरली जातात. म्हणून हरभरा खरिपात पेरला जातो. दोन्ही विधानं खरी आणि निष्कर्ष उघड खोटा, कारण हरभरा रब्बीचा आहे. सांगाड्यातच जोर असता, तर खऱ्या विधानांतून खोटा निष्कर्ष बाहेर पडलाच नसता. तुरीच्या वेळी निष्कर्ष खरा आला तो तुरीमुळे, युक्तिवादामुळे नाही.

पण शब्द बदलताना दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो, म्हणून सावकाश सांगतो.

पहिलं ठिकाण मुगाचं. मुलगा तुरीच्या जागी मूग घालतो. मूगही कडधान्य आणि खरिपातला, म्हणजे निष्कर्ष पुन्हा खरा. मग तो उडीद घालतो, तोही जुळतो. दोनदा जुळलं म्हणून तो ‘निघतो’ लिहितो. मूग-उडदाने काहीच ठरत नाही. जुळणारी दहा उदाहरणं आणली तरी सांगाडा पक्का ठरत नाही, न जुळणारं एकच पुरतं. शोधायचं ते न जुळणारंच, त्यामुळे ज्या पिकाबद्दल आधीच शंका आहे तेच आधी घालून पाहा.

दुसरं ठिकाण गव्हाचं. एका मुलाने गहू घातला: गहू हे कडधान्य आहे, काही कडधान्ये खरिपात पेरली जातात, म्हणून गहू खरिपात पेरला जातो. निष्कर्ष खोटा आला म्हणून त्याने आनंदाने ‘निघत नाही’ लिहिलं. उत्तर बरोबर होतं, पण त्याचा पुरावा बाद. पहिलंच विधान खोटं झालं, गहू कडधान्य नाही. खोट्या विधानातून खोटा निष्कर्ष येऊ शकतो, त्यात सांगाड्याचा दोष दिसत नाही. बदललेला शब्द घातल्यावर दोन्ही विधानं खरी राहिली पाहिजेत आणि निष्कर्ष तेवढा खोटा झाला पाहिजे. हे तिन्ही तपासल्याशिवाय मी खूण करत नाही. त्या मुलाला मी गुण दिला नाही तेव्हा तो म्हणाला, “उत्तर बरोबर हाय ना जी, मंग मार्क काऊन कापले?” मी त्याच्या वहीत गव्हाखाली रेघ ओढून पहिलं विधान मोठ्याने वाचायला लावलं. पुढच्या आठवड्यात त्याने न विचारता हरभरा घातला.

या रीतीची मर्यादाही सांगायला हवी. न जुळणारं उदाहरण सापडलं तर निष्कर्ष निघत नाही हे नक्की. सापडलं नाही, तर मात्र एवढंच कळतं की अजून सापडलेलं नाही. ‘निघतो’ असं ठामपणे लिहायचं असेल तर वर्तुळांकडेच यावं लागतं आणि मोडणारी आकृती काढताच येत नाही हे दाखवावं लागतं.

ते कसं, यासाठी उलट्या प्रकारचा प्रश्न घेऊ. सर्व कडधान्ये खरिपात पेरली जातात. हरभरा हे कडधान्य आहे. निष्कर्ष: हरभरा खरिपात पेरला जातो. इथे वर्ग एकसुरात ‘चूक’ म्हणतो, कारण चना हिवाळ्यात घेतात हे सगळ्यांना माहीत आहे. आता मोडून पाहा. कडधान्यांचं पूर्ण वर्तुळ खरिपाच्या वर्तुळात आहे. हरभऱ्याला खरिपाबाहेर काढायला गेलात तर तो कडधान्यांच्याही बाहेर पडतो आणि दुसरं विधान तुटतं. म्हणजे मोडणारी आकृती निघत नाही आणि निष्कर्ष निघतो. निष्कर्ष खोटा आहे तो पहिलं विधान खोटं आहे म्हणून. पण प्रश्नपत्रिकेवर ‘दिलेली विधाने सत्य माना’ असं छापलेलं असतं आणि ते पाळायचंच असतं.

‘काही’ या शब्दापाशी थोडं थांबतो, कारण हाच दोष तिथे लपून बसतो. ‘काही कडधान्ये खरिपात पेरली जातात’ यावरून ‘काही कडधान्ये खरिपात पेरली जात नाहीत’ असा निष्कर्ष दिला की मुलं लगेच होकार देतात. हरभऱ्यामुळे तो खरा आहेच. पण विधानातून तो निघत नाही. या प्रश्नांत ‘काही’ म्हणजे किमान एक, आणि सगळी असायलाही आडकाठी नाही. बाजारात ‘काही पोती भिजली’ म्हटलं की बाकीची कोरी आहेत असं आपण धरतो. ती बोलण्याची सवय इथे आणायची नाही.

वही तपासताना मी प्रत्येक उत्तरापुढे दोन रकाने भरायला लावतो. पहिल्यात निष्कर्ष प्रत्यक्षात खरा की खोटा, दुसऱ्यात तो निघतो की नाही. सुरुवातीला मुलं दोन्हींत एकच शब्द लिहितात, आणि कोणाची गल्लत होते आहे ते तिथेच कळतं. ‘निघत नाही’ लिहिलं असेल तर मोडणारी आकृती किंवा हरभऱ्यासारखं उदाहरण शेजारी हवंच, नाहीतर गुण नाही. उत्तरतालिकेशी जुळलं म्हणून पूर्ण गुण देणं मी सोडून दिलं आहे, कारण अंदाजानेही निम्मी उत्तरं जुळतात.

सरावाची प्रश्नपत्रिका काढताना एक काळजी घ्या. सगळे खरे निष्कर्ष निघणारे आणि सगळे खोटे न निघणारे असतील, तर एकही विधान न वाचणाऱ्यालाही पैकीच्या पैकी गुण मिळतील. मी आठ प्रश्न देतो, प्रत्येक प्रकारचे दोन: खरा आणि निघणारा, खोटा आणि न निघणारा, खरा पण न निघणारा, खोटा पण निघणारा. फक्त माहितीवर उत्तरं देणाऱ्याला यात चारच गुण पडतात आणि चुकलेले चारही प्रश्न शेवटच्या दोन प्रकारांतले असतात. तसा कागद हाती आला की मी त्या मुलाला नवीन प्रश्न देत नाही. चुकलेले तेच चार प्रश्न पिकांची नावं काढून, क-ख-ग घालून परत सोडवायला देतो. अक्षरांत जमले आणि पिकांत चुकले, तर त्याला रीत येते, फक्त वावर आड येतं. अक्षरांतही चुकले, तर त्याला वर्तुळं पहिल्यापासून शिकवावी लागतात.