जॉबवर्कवाल्या वर्कशॉपला मालाचा हिशोब जुळवून देण्याची सेवा कशी सुरू करावी

भोसरी-चाकणच्या छोट्या मशीनशॉपमध्ये ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते आणि चलनं फाइलला टोचलेली असतात. तिथे सॉफ्टवेअर विकायला जाऊ नका. मालक महिनाभर वापरतो आणि पुन्हा वहीकडे वळतो. त्याची वही तशीच राहू द्या आणि त्याच्या ग्राहकाने मशीनिंगसाठी पाठवलेला माल किती आला, किती परत गेला, एवढाच हिशोब जुळवून द्या.

इनवर्ड आणि आउटवर्ड चलनांचे फोटो रोज संध्याकाळी मागवा. एका शीटमध्ये तारीख, चलन नंबर, पार्ट आणि नग भरा. एवढं कोणालाही जमतं.

खरी डोकेदुखी रिजेक्शनची. तिने मलाही बराच काळ छळलं. एक नमुना घ्या. ग्राहकाकडून 500 कास्टिंग आली. तयार माल 180, 150 आणि 140 असा तीन चलनांवर गेला, म्हणजे 470. ग्राहकाचा स्टोअरवाला म्हणतो, तुमच्याकडे 30 बाकी. शॉपमध्ये मोजाल तर कच्चे नग फक्त 8. मग 22 गेले कुठे? कोपऱ्यातल्या क्रेटमध्ये 18 नग सापडतात, मशीनिंग करताना ब्लोहोल, म्हणजे ओतकामात आत राहिलेल्या पोकळ्या, उघडे पडलेले. उरलेले 4 ऑपरेटरच्या हातून अंडरसाइज झालेले.

हे 18 म्हणजे कास्टिंग रिजेक्शन, दोष फाउंड्रीचा. 4 म्हणजे मशीनिंग रिजेक्शन, दोष आपला. बहुतेक शॉपमध्ये दोन्ही एकाच क्रेटमध्ये पडतात आणि वर्षअखेरीला ग्राहक सगळ्यांचीच डेबिट नोट फाडतो. कास्टिंग 220 रुपयांचं धरलं तर 18 नगांचे 3,960 रुपये विनाकारण गेले, वर त्या नगांवर केलेली मजुरीही बुडाली.

म्हणून दोन रंगांचे क्रेट ठेवायला लावा, आणि कास्टिंग रिजेक्शन दर आठवड्याला वेगळ्या चलनावर परत पाठवा. त्या चलनावर 'कास्टिंग रिजेक्शन' असं लिहून ग्राहकाच्या क्वालिटीवाल्याची सही घ्या. "फोनवर सांगितलंय" हे कारण ऐकूच नका. तो माणूस नोकरी सोडून गेला की पुरावाही गेला. मजुरी मिळणार की नाही, हे दर ठरवतानाच लिहून घ्यायला सांगा, नंतर कोणी देत नाही.

वजनावर येणारा माल असेल तर सुरुवातीलाच 10 नग तोलून सरासरी काढा आणि ती चलनावर टाका. नाहीतर किलोत आलेला आणि नगात गेलेला माल कधीच जुळत नाही.

महिन्याच्या पाच तारखेला ग्राहकाच्या स्टोअरला शिलकेचं पत्रक पाठवून "बरोबर" एवढं उत्तर मिळवा. टाळाटाळ झाली तर आठवण करून द्या: जीएसटी कायद्याच्या कलम 143 नुसार जॉबवर्कला दिलेला माल वर्षभरात परत आला पाहिजे, नाहीतर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरतात आणि कर ग्राहकाच्या अंगावर येतो. मग उत्तर लवकर येतं.

फी महिन्याची ठरावीक घ्या. वाचवलेल्या रकमेवर टक्केवारी मागितलीत, तर दर महिन्याला 'वाचले किती' यावरच वाद होईल.