दुसऱ्याचा मराठी मेल सुधारून देताना या चुका टाळा

मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडे घरात कोरकू, बाजारात हिंदी आणि शाळेत मराठी, अशा तीन भाषांत वाढलेली पुष्कळ माणसं आहेत. आता बचत गट, ग्रामसभा, माल विकत घेणारे लोक, सगळ्यांशी पत्रव्यवहार मेलवर चालतो, आणि तो मराठीत करायचा म्हटला की मेल आधी आपल्यासारख्या कुणाकडे येतो. "जरा पाहून द्या ना ताई." आपण पाहून देतो, आणि बहुतेक वेळा तिथंच घोटाळा करतो.

एका बचत गटाच्या सचिव बाईंनी नाशिककडच्या एका खरेदीदाराला लिहिलेला हा मजकूर पाहा.

> नमस्कार सर, आपला फोन आला होता. यावर्षी मोहफूल पाणीत भिजला. चांगला मोहफूल आहे १२ क्विंटल, वाळलेला. भिजलेला आहे ३ क्विंटल, तो तुम्हाला देणार नाही. गाडी गावा पर्यंत येत नाही, नाल्याजवळ थांबते. तिथपर्यंत चुंगड्या आपण आणू. पैसे कोणत्या तारखेला देणार ते आधी सांगा, मग माल भरू. मागच्या वर्षी एक व्यापारीने दोन महिने फिरवले.

पहिली चूक : पूर्ण मजकूर पुसून नवा लिहिणे

ही चूक शिकलेल्या माणसाकडून हमखास होते. वरचा मेल त्याच्या हाती पडला की असा होऊन बाहेर येतो : "अवकाळी पर्जन्यामुळे मालाचे अंशतः नुकसान झाले असून निकृष्ट माल वगळण्यात आला आहे. देयकाच्या दिनांकाबाबत अवगत करावे, ही नम्र विनंती."

व्याकरण बिनचूक आहे, पण सौदा बिघडला. बाईंनी अट घातली होती : आधी तारीख, मग माल. त्या अटीची विनंती झाली. विनंती नाकारता येते, टाळता येते, विसरताही येते. "तो तुम्हाला देणार नाही" यात भिजलेला माल लपवून माथी मारणार नाही, अशी बाईंची हमी होती. "वगळण्यात आला आहे" म्हटल्यावर कुणी वगळला तेच कळत नाही, आणि हमी कुणाची तेही नाही. शिवाय खरेदीदार उद्या फोन करून विचारणार, "देयकाचं काय म्हणत होता तुम्ही?" बाईंनी तो शब्द कधी तोंडात घेतलेला नाही. दोन मिनिटांत समोरच्याला कळतं की मेल दुसऱ्याच कुणीतरी लिहिलाय, आणि मग पुढच्या प्रत्येक मेलवर तो संशय घेतो.

दुसरी चूक : चूक आणि ढब यांत फरक न करणे

या मेलमध्ये खरोखर चुकलेलं फार थोडं आहे, आणि तेही दोनच जातींचं.

एक म्हणजे लिंग. कोरकूत नामांची विभागणी सजीव-निर्जीव अशी चालते. मराठीसारखं प्रत्येक निर्जीव वस्तूला तो-ती-ते लावणं तिथं नाही. त्यातून हिंदीत नपुंसकलिंग नाहीच. दोन्ही वाटांनी आलेल्या माणसाचा "फूल" हा शब्द "तो" होणं साहजिक आहे. दुसरी जात सामान्यरूपाची. प्रत्यय लागला की शब्द आतून बदलतो, हे जन्मापासून मराठी बोलणाऱ्याला शिकवावं लागत नाही. इतरांना ते एकेक शब्द घोकून येतं. पाणीत, व्यापारीने, "एक"चं "एका" न होणं, ही सगळी एकाच घरची मंडळी. "गावा पर्यंत" मात्र निव्वळ टंकनाची सवय आहे. शब्दयोगी अव्यय जोडून टाका, झालं.

आता ढब बघा. "चांगला मोहफूल आहे १२ क्विंटल, वाळलेला." हात शिवशिवतात, "वाळलेली चांगली मोहफुले १२ क्विंटल आहेत" असं करायला. करू नका. शेतमालाच्या व्यवहारात सोयाबीन, हरभरा, मोहफूल एकवचनीच बोलतात. अनेकवचनाची गरज नाही. आणि आकडा शेवटाकडे टाकून वर "वाळलेला" जोडणं ही बाजारात बोलायची रीत आहे, व्याकरणाची चूक नव्हे. बदल एवढाच : चांगले, वाळलेले. दोन मात्रांत काम होतं.

"भिजले-भिजलं" याबाबतीतही हात आवरा. आश्रमशाळेत शिकलेली माणसं पुस्तकातलं "भिजले" लिहितात, आपण बोलण्यातलं "भिजलं" लिहितो. दोन्ही चालतं. तिनं "फिरवले" लिहिलंय, तर तेच वळण शेवटपर्यंत न्या. निम्मं तिचं, निम्मं तुमचं झालं की मेल ठिगळासारखा दिसतो.

तिसरी चूक : अर्थाचा अंदाज बांधणे

"तिथपर्यंत चुंगड्या आपण आणू." कोण आणणार? मराठीत हा "आपण" बोलणारा आणि ऐकणारा मिळून होतो, म्हणजे खरेदीदाराचे हमालही त्यात आले. पण मेळघाटात कानावर पडणाऱ्या हिंदीत "अपन" सर्रास नुसत्या "आम्ही"साठी वापरतात. तो इथं घुसला असावा, असं वाटतं. नुसतं वाटून भागत नाही. हमाली कुणाची, हा पैशाचा प्रश्न आहे. अंदाजानं "आम्ही" केलं आणि ठरलं वेगळंच असेल, तर गटाच्या बायकांना उगाच नाल्यापर्यंत ओझी वाहावी लागतील. फोन करून सरळ विचारायचं : "चुंगड्या तुमच्या गटाच्या बाया आणणार, की त्यांची माणसं?" बाईंचं उत्तर आलं, गटाच्या बाया. मग "आम्ही".

त्याच फोनवर आणखी एक विचारावं. "यावर्षी मोहफूल भिजला" एवढं वाचून घेणाऱ्याला वाटेल की सगळाच माल गेला. बाईंनी स्वतःच "थोडा" शब्द सुचवला. वाक्य तिचंच राहिलं. पहिल्या ओळीत "आपला" आणि पुढं "तुम्हाला" असं झालं होतं, तेही विचारून "तुमचा" केलं.

"चुंगडी" नाशिककडच्या माणसाला कळेल का, ही शंका रास्त आहे. पण ती काढून "गोणी" टाकण्यापेक्षा वजन जोडलं की शब्द आपोआप उलगडतो. एक ४० किलोची भरते का, तेही बाईंनाच विचारायचं. तसं असेल तर १२ क्विंटलच्या ३० होतात. समोरच्याला गाडी केवढी लागेल याचा हिशेबही मिळाला.

> नमस्कार सर, तुमचा फोन आला होता. यावर्षी थोडे मोहफूल पाण्यात भिजले. चांगले मोहफूल आहे १२ क्विंटल, वाळलेले. भिजलेले आहे ३ क्विंटल, ते तुम्हाला देणार नाही. गाडी गावापर्यंत येत नाही, नाल्याजवळ थांबते. तिथपर्यंत ४० किलोच्या ३० चुंगड्या आम्ही आणू. पैसे कोणत्या तारखेला देणार ते आधी सांगा, मग माल भरू. मागच्या वर्षी एका व्यापाऱ्याने दोन महिने फिरवले.

शेवटचं वाक्य काढावं का, असं कुणी विचारेल. माझ्या मते ठेवावं. अट का घातली, त्याचं कारण तिथं आहे. ते काढलं तर "आधी सांगा" उद्धट वाटतं. पण ठेवायचं की नाही हे ठरवणार बाई. आपण फक्त दोन्ही बाजू सांगायच्या.

चौथी चूक : न दाखवता पाठवणे

सुधारलेला मजकूर परस्पर पाठवू नका. तिला मोठ्यानं वाचायला सांगा. जिथं ती अडखळते, तो शब्द बहुधा तुमचा असतो. तो काढून तिचाच परत घाला. दुरुस्त्या पाठवताना बदललेले शब्द वेगळे दिसतील असं करा. "पाणीत"चं "पाण्यात" झालेलं एकदा डोळ्यांनी दिसलं की पुढच्या मेलमध्ये "दुकानत" लिहिताना ती थबकेल.

सरकारी अर्जाला हे सगळं लागू नाही. तिथं विषय, संदर्भ क्रमांक, ठरावीक मायना हवाच असतो, आणि तिथं ढब गेली तरी कुणाचं काही बिघडत नाही.