न वापरताच उतरणारे रिचार्जेबल सेल: किती उतरतात ते घरी कसे मोजावे

निकेल-मेटल हायड्राइड सेल पूर्ण चार्ज करून ठेवला आणि महिन्याभराने टॉर्चमध्ये घातला, तर तो अल्कलाइन सेलपेक्षा बराच लवकर मान टाकतो. यावर मिळणारे सल्ले बहुतेक दोन प्रकारचे असतात: 'फ्रिजमध्ये ठेवा' आणि 'मल्टिमीटर लावून पाहा'. पहिल्याने थोडाफार फरक पडतो. दुसऱ्याने मात्र निव्वळ दिशाभूल होते. आपला सेल खरोखर किती उतरतो हे कळायला तो मोजावा लागतो आणि मोजायची रीत अवघड नाही. फक्त एका टप्प्यावर फार काटेकोर राहावे लागते.

आधी कारण

निकेल-मेटल हायड्राइड सेलची धन बाजू निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइडची असते. चार्ज झालेल्या अवस्थेत हा पदार्थ इतका तीव्र ऑक्सिडीकारक असतो की आजूबाजूच्या पाण्यातून तो हळूहळू ऑक्सिजन मोकळा करतो आणि स्वतः उतरत जातो. ऋण बाजूला असते हायड्रोजन शोषून धरणारी मिश्रधातू. तिच्यातला थोडा हायड्रोजन सतत बाहेर सुटत असतो. तो धन बाजूपर्यंत पोहोचला की तिथल्या चार्ज झालेल्या पदार्थाशी संयोग पावतो. तारेतून वीज न जाताच दोन्ही बाजूंचा साठा असा कमी होतो.

तिसरे कारण जुन्या सेलमध्ये सगळ्यात मोठे होते. दोन बाजूंच्या मध्ये जो सेपरेटर असतो तो पूर्वी नायलॉनचा असे. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात नायलॉन हळूहळू तुटतो आणि त्यातून अमोनिया निघतो. शिवाय निकेलच्या धन बाजूत ती तयार करतानाचे नायट्रेट थोडेफार राहिलेले असते, त्यातूनही हीच संयुगे बनतात. धन बाजू अमोनियाचे नायट्राइट करते, ऋण बाजू त्याच नायट्राइटचा पुन्हा अमोनिया करते. नावाडी दोन काठांमध्ये येरझाऱ्या घालतो तसे हे संयुग इलेक्ट्रॉन या बाजूचे त्या बाजूला नेत राहते आणि स्वतः संपत मात्र नाही. म्हणूनच इतक्या थोड्या प्रमाणातली अशुद्धीही इतका मोठा साठा रिकामा करू शकते.

अल्कलाइन सेलमध्ये हे का होत नाही? त्याची धन बाजू मँगनीज डायऑक्साइडची असते. पाण्यातून ऑक्सिजन काढण्याइतकी ती तीव्र नसते, त्यामुळे पहिली वाट बंद. ऋण बाजूचे जस्त पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रोजन सोडू शकते, पण जस्ताच्या पृष्ठभागावर ही अभिक्रिया अतिशय संथ चालते. इंडियम, बिस्मथ असे धातू जस्तात किंचित मिसळून ती आणखी संथ केलेली असते. परिणामी चांगला अल्कलाइन सेल सामान्य तापमानाला वर्षाला दोन-तीन टक्केच उतरतो. साधा निकेल-मेटल हायड्राइड सेल पहिल्या महिन्यातच चौथा भाग गमावू शकतो आणि त्यातला बराचसा भाग पहिल्या एक-दोन दिवसांत जातो. कारण पूर्ण चार्ज अवस्थेत धन बाजू सगळ्यात अस्थिर असते.

कमी उतरणाऱ्या सेलमध्ये काय बदलले

असे सेल २००५ च्या नोव्हेंबरमध्ये सान्यो कंपनीने एनेलूप या नावाने बाजारात आणले. वर्षभर ठेवूनही ८५ टक्के चार्ज उरतो, असा तिचा दावा होता. त्यात जादू नव्हती, तीनही वाटा अरुंद केल्या होत्या. ऋण बाजूच्या मिश्रधातूत मॅग्नेशियम घालून तिची स्फटिकरचना बदलली. त्यामुळे कोबाल्ट आणि मँगनीज कमी वापरावे लागले. हे धातू द्रावणात विरघळून सेपरेटरवर जाऊन बसतात आणि तिथे वीज वाहणारा बारीक पूल तयार होतो, तो धोका घटला. सेपरेटर नायलॉनऐवजी गंधकयुक्त प्रक्रिया केलेल्या पॉलिप्रॉपिलिनचा झाला. तो स्वतः अमोनिया सोडत नाही, उलट द्रावणातला अमोनिया धरून ठेवतो. धन बाजूही अधिक स्थिर केली.

याची किंमत क्षमतेत मोजावी लागते. एए आकाराच्या कमी उतरणाऱ्या सेलवर साधारण २००० मिलिअँपिअर-तास लिहिलेले असतात, तर जास्त क्षमतेच्या साध्या सेलवर २५०० च्या पुढचे आकडे दिसतात. तेवढाच डबा, म्हणून तो मोठा आकडा गाठायला सेपरेटर पातळ करून अधिक पदार्थ कोंबावा लागतो. सेपरेटर पातळ झाला की बाजूबाजूंमधली चोरवाट सोपी होते.

मोजणी

क्षमता मोजून दाखवणारा चार्जर हवा, म्हणजे सेल उतरवताना किती मिलिअँपिअर-तास निघाले ते पडद्यावर दाखवणारा. सेल नवे किंवा बरेच दिवस पडून राहिलेले असतील तर आधी दोन-तीनदा चार्ज करून उतरवून घ्या, नाहीतर पहिला आकडाच खोटा येईल.

सेल पूर्ण चार्ज करा. तासभर थंड होऊ द्या. मग क्षमतेच्या पाचव्या भागाइतक्या प्रवाहाने, म्हणजे २००० च्या सेलसाठी ४०० मिलिअँपिअरने, व्होल्टेज १.० होईपर्यंत उतरवा. जो आकडा येईल तो मूळ आकडा. परत पूर्ण चार्ज करा, चार्जरमधून काढा, २८ दिवस एकसारख्या तापमानाला ठेवा आणि पुन्हा त्याच प्रवाहाने उतरवा. आंतरराष्ट्रीय मानकातही साठवणुकीच्या चाचणीचा काळ २८ दिवसांचाच आहे.

आता तो एक टप्पा, जिथे बहुतेकांची मोजणी बिघडते: 'पूर्ण चार्ज'. दोन्ही वेळा सेल खरोखर पूर्ण भरलेला नसेल तर पुढचे सगळे आकडे निरर्थक आहेत. वेगवान चार्जर सेल भरला हे व्होल्टेजच्या शेवटच्या किंचित घसरणीवरून ओळखतो. प्रवाह फार कमी ठेवला तर ही घसरण इतकी अस्पष्ट असते की ती चार्जरच्या हाती लागत नाही, मग सेल जास्त भरून तापतो. उलट खूप दिवस पडून राहिलेल्या सेलमध्ये सुरुवातीलाच व्होल्टेज वरखाली होते आणि काही चार्जर अर्ध्या वाटेतच 'झाले' म्हणतात. महिन्यापूर्वी अर्धवट भरलेला सेल आज अर्धवट निघाला, तर तो उतरला असे आपण समजतो, प्रत्यक्षात तो भरलाच नव्हता.

म्हणून मोजणीसाठी वेगवान चार्जिंग वापरूच नका. आधी सेल पूर्ण उतरवा आणि मग क्षमतेच्या दहाव्या भागाच्या प्रवाहाने १६ तास भरा, म्हणजे २००० च्या सेलसाठी २०० मिलिअँपिअर. मानकाचीही हीच पद्धत आहे. इथे भरला की नाही हे ओळखायची गरजच नसते, वेळच ते ठरवते. १६ तास का, दहा का नाहीत? कारण आत गेलेल्या विजेतली काही उष्णता आणि वायूत वाया जाते, तेवढी जास्त द्यावी लागते. इतका संथ प्रवाह सेल सहन करतो. तुमच्या चार्जरला वेळ लावता येत नसेल तर स्वतः गजर लावा, पण दोन्ही वेळा तोच कालावधी ठेवा. पद्धत बदलली की तुलना गेली.

याच टप्प्याचा दुसरा भाग म्हणजे सेल चार्जरमध्ये तसाच न ठेवणे. काही चार्जर नंतरही बारीक प्रवाह देत राहतात, काही बंद झाले की सेलमधूनच थोडी वीज घेतात. दोन्ही वेळा मोजणी खोटी ठरते.

आणि मल्टिमीटर? चार्ज भरपूर असो की बराच कमी, या सेलचे व्होल्टेज बहुतांश काळ १.२ ते १.३ च्या आसपासच रेंगाळते. २८ दिवसांनंतर सव्वीस टक्के उतरलेला आणि सात टक्के उतरलेला सेल यांत मीटरवर फार थोडा फरक दिसेल. तो फरक तापमानाने किंवा सेलच्या वयानेही पडू शकतो. एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

आकडे कसे वाचावे

समजा २५०० लिहिलेल्या सेलचा मूळ आकडा २३८० आला आणि २८ दिवसांनी १७६० आला. म्हणजे ६२० गेले, सुमारे २६ टक्के. कमी उतरणाऱ्या २००० च्या सेलचा मूळ १९६० आणि नंतर १८३० आला, म्हणजे १३० गेले, सात टक्क्यांच्या आत. आता दोघांची तुलना करा: महिन्याने 'लहान' सेलमध्ये 'मोठ्या'पेक्षा ७० मिलिअँपिअर-तास जास्त उरले आहेत. मोठा आकडा फक्त आजच चार्ज करून आजच वापरणाऱ्याच्या कामाचा आहे.

सात टक्क्यांना बाराने गुणून वर्षात ८४ टक्के चार्ज जाईल असे गणित मात्र करू नका. घट सुरुवातीला जोरात असते आणि नंतर मंदावते.

एवढ्यावर थांबू नका, तिसरी मोजणी करा. लगेच त्याच पद्धतीने पुन्हा भरा आणि उतरवा. आकडा मूळ आकड्याजवळ परत आला, समजा २३८० च्या जागी २३६०, तर गेलेला चार्ज निव्वळ आपोआप उतरला होता, सेल ठणठणीत आहे. आकडा १९०० वरच अडला तर सेलची क्षमताच घटली आहे आणि त्याचे नाव उतरणे नाही. एकाच वेळी घेतलेल्या चारपैकी एकच सेल इतरांच्या तिप्पट उतरला, तर त्यात सेपरेटरमधून बारीक अंतर्गत शॉर्ट असण्याचा संभव जास्त. तो पुन्हा भरून सुधारत नाही. त्याला इतरांबरोबर एकाच उपकरणात घालू नका: तो आधी रिकामा होईल, उरलेले सेल त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतील, त्याचे ध्रुव उलटे होतील आणि तो आणखी बिघडेल.

तापमानाची नोंद ठेवा. उतरण्याची गती दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते. २० अंशांवरची मोजणी आणि ४० अंशांच्या खोलीतली मोजणी शेजारी मांडून सेलना दोष देऊ नका. थंड जागी ठेवलेला साधा सेल हळू उतरतो हे खरे, पण हवाबंद पिशवीत ठेवला नाही तर बाहेर काढल्यावर त्यावर दव धरते.

भिंतीवरचे घड्याळ किंवा रिमोट, जिथे वापर अगदी बारीक आणि काळ लांब, तिथे कमी उतरणारा सेल किंवा अल्कलाइन. साधा निकेल-मेटल हायड्राइड तिथे घालू नका, कारण उपकरणाने खाल्लेल्या विजेपेक्षा सेलने स्वतः वाया घालवलेली वीज जास्त होते.