कीटोनचा एस्टर करताना ऑक्सिजन कोणत्या बाजूला शिरतो, हे आधी कसे ओळखावे

देवघरातला कापूर हा रसायनशास्त्राच्या भाषेत एक कीटोन आहे. 1899 मध्ये आडोल्फ फॉन बायर आणि व्हिक्टर व्हिलिगर यांनी कापूर आणि पुदिन्याच्या तेलातला मेंथोन यांच्यावर कॅरोचे आम्ल, म्हणजे पेरॉक्सिसल्फ्युरिक ॲसिड, वापरून पाहिले. कीटोनच्या वलयात एक ऑक्सिजन शिरला आणि लॅक्टोन, म्हणजे वलयातला एस्टर, तयार झाला. ही बायर-व्हिलिगर अभिक्रिया बीएस्सीच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. पण कार्बोनिलच्या दोन्ही बाजूंचे गट वेगवेगळे असले, की ऑक्सिजन डावीकडे घालायचा की उजवीकडे, इथे बहुतेकांचा हात अडतो. 2-मिथाइलसायक्लोहेक्झॅनोन हे एकच उदाहरण घेऊन कागदापासून फ्लास्कपर्यंत जाऊ.

पहिली पायरी: आत काय घडते ते डोळ्यांसमोर आणा

पेरॉक्सिआम्ल कार्बोनिलच्या कार्बनला येऊन चिकटते. आता त्या कार्बनवर एक –O–O– जोडणी लटकते आहे आणि ती कमकुवत असते. ती तुटू लागली, की कार्बनकडच्या ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन कमी पडतात. नेमक्या त्याच क्षणी शेजारचा एक गट आपली इलेक्ट्रॉनांची जोडी घेऊन कार्बनवरून त्या ऑक्सिजनवर सरकतो. तुटणे आणि सरकणे एकदमच होते. गट पूर्ण सुटा होऊन हिंडत नाही, म्हणून त्यात किरल कार्बन असला तरी त्याची रचना जशीच्या तशी राहते.

जो गट सरकतो त्याच्यावर वाटेत थोडा धन प्रभार येतो. तो प्रभार ज्याला चांगला पेलतो, तो आधी सरकतो. पुढचा क्रम यातूनच निघतो, त्यामुळे तो घोकावा लागत नाही: तृतीयक अल्काइल सर्वांत पुढे, मग द्वितीयक अल्काइल, त्याच्या पाठोपाठ बेंझाइल आणि फिनाइल, मग प्राथमिक अल्काइल आणि सर्वांत मागे मिथाइल. फिनाइलवर मेथॉक्सीसारखा इलेक्ट्रॉन देणारा गट असेल तर तो साध्या फिनाइलच्या पुढे जातो, नायट्रो असेल तर मागे पडतो.

दुसरी पायरी: कागदावर उत्तर काढा

कार्बोनिलच्या C=O वर बोट ठेवा आणि फक्त त्याच्या लगतचे दोन कार्बन बघा. दूरची शेपटी कितीही लांब असो, आत्ता तिच्याकडे लक्ष देऊ नका. आपल्या उदाहरणात एका बाजूच्या कार्बनवर मिथाइल आहे, म्हणजे कार्बोनिल धरून तो तीन कार्बनांना जोडलेला आहे. पण कार्बोनिल मोजायचा नाही. उरले दोन, म्हणून हा द्वितीयक गट. दुसऱ्या बाजूला नुसता CH2 आहे, तो प्राथमिक. द्वितीयक सरकणार.

आता कार्बोनिल आणि सरकणारा कार्बन यांच्यामधला बंध खोडा आणि तिथे O लिहा. सहाचे वलय सातचे झाले आणि मिथाइल असलेला कार्बन आता ऑक्सिजनला लागून आहे. C=O मधल्या मूळ ऑक्सिजनला हात लावू नका, तो जिथल्या तिथे राहतो. 1953 मध्ये डोअरिंग आणि डॉर्फमन यांनी ऑक्सिजन-18 ने खूण केलेला बेंझोफेनोन वापरून हेच दाखवले होते. शेवटी अणू मोजा: C7H12O चे C7H12O2 झाले पाहिजे. एकच ऑक्सिजन वाढतो, बाकी काहीच बदलत नाही.

मिथाइल कीटोन असेल तर काम आणखी सोपे. मिथाइल जवळजवळ नेहमीच जागचे हलत नाही, म्हणून ॲसिटेट मिळतो. ॲसिटोफेनोनपासून फिनाइल ॲसिटेट मिळतो, मिथाइल बेंझोएट नव्हे. उत्तरपत्रिकांत ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे, की वर्गात पहिले उदाहरण तेच घेतो.

तिसरी पायरी: फ्लास्कमध्ये

हे काम फ्यूम हूडमध्ये, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे. घरी अजिबात नाही. मेटाक्लोरोपरबेंझॉइक ॲसिड, म्हणजे एमसीपीबीए, बाजारात साधारण 77 टक्क्यांचे मिळते. उरलेला भाग पाणी आणि मेटाक्लोरोबेंझॉइक ॲसिडचा असतो आणि तो सुरक्षिततेसाठीच ठेवलेला असतो. ते कोरडे करून शुद्ध करायला जाऊ नका, धक्क्याने स्फोट होऊ शकतो.

1.12 ग्रॅम (10 मिलिमोल) कीटोन 40 मिलिलिटर डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवा. त्यात 1.7 ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट घाला. अभिक्रियेत आम्ल तयार होत राहते आणि ते मोकळे राहिले तर हाती आलेला लॅक्टोन फोडू शकते, म्हणून हे बायकार्बोनेट. फ्लास्क बर्फात ठेवून 3.4 ग्रॅम एमसीपीबीए (15 मिलिमोल, म्हणजे दीडपट) थोडे थोडे करून प्लॅस्टिकच्या चमच्याने टाका. मग बर्फ काढा आणि रात्रभर ढवळत ठेवा. सकाळी फ्लास्कच्या तळाशी पांढरा गाळ दिसतो. तो मुख्यतः काम संपवून बसलेल्या आम्लाचा आणि त्याच्या क्षाराचा असतो.

टीएलसीवर कीटोनचा ठिपका नाहीसा झाला, की गाळ गाळून घ्या आणि गाळणीखालच्या द्रावणात 10 टक्के सोडियम थायोसल्फेट 20 मिलिलिटर घालून अर्धा तास ढवळा. आता स्टार्च-आयोडाइड कागदाची पट्टी पाण्याने ओली करून तिच्यावर एक थेंब टाका. पट्टी निळी-काळी झाली तर पेरॉक्साइड अजून शिल्लक आहे, आणखी थायोसल्फेट घाला. पट्टी पांढरी राहीपर्यंत द्रावक उडवायला घ्यायचे नाही, इथे घाई चालत नाही. या भांड्यांना ॲसिटोनही लावू नये, कारण पेरॉक्साइड आणि ॲसिटोन मिळून स्फोटक संयुग बनू शकते.

त्यानंतर संपृक्त बायकार्बोनेटने दोनदा धुवा. वायू निघतो, तेव्हा सेपरेटिंग फनेलची तोटी वरचेवर उघडा. मग मिठाच्या पाण्याने धुवा, सोडियम सल्फेटवर वाळवा आणि द्रावक उडवा.

चौथी पायरी: अंदाज बरोबर होता का

प्रोटॉन एनएमआरमध्ये 4 ते 4.5 पीपीएमचा भाग बघा. ऑक्सिजनला लागून असलेले हायड्रोजन तिथे दिसतात. द्वितीयक गट सरकला असेल तर तिथे एकाच हायड्रोजनचा संकेत मिळतो आणि मिथाइलचा दुहेरी संकेत 1.3 च्या आसपास येतो. तिथे दोन हायड्रोजनांचा संकेतही दिसला, तर CH2 च्या बाजूनेही थोडी अभिक्रिया झाली आहे. दोन्ही संकेतांच्या क्षेत्रफळावरून मिश्रणाचे प्रमाण काढता येते, फक्त CH2 च्या आकड्याला दोनाने भागायला विसरू नका. 7.4 ते 8.1 मध्ये काही दिसत असेल तर मेटाक्लोरोबेंझॉइक ॲसिड राहून गेले आहे, पुन्हा बायकार्बोनेटने धुवा.

हा क्रम कुठे फसतो

फिनाइल आणि द्वितीयक अल्काइल समोरासमोर आले तर दोघांची ताकद जवळपास सारखी असते. मिश्रण मिळेल असे समजूनच चाला. रेणूत दुहेरी बंध असेल तर एमसीपीबीए आधी त्याच्याकडे वळून इपॉक्साइड करू शकते. आणि कापरासारख्या जखडलेल्या वलयांत नुसता क्रम पुरत नाही. सरकणारा बंध तुटणाऱ्या O–O बंधाच्या बरोबर विरुद्ध दिशेला यावा लागतो, आणि ज्या गटाला तशी जागा मिळत नाही तो क्रमात पुढे असूनही मागे राहू शकतो. अशा रेणूंसाठी मी कागद बाजूला ठेवतो आणि काड्या-गोळ्यांचे मॉडेल हातात घेतो.