‘ग्रेट, थँक्स’ आलं की लगेच चॅट बंद करताय? या चुका टाळा

ऐरोलीत चॅट सपोर्टच्या टीम बघतो मी, घरगुती मशीनच्या रिपेअरिंगचं काम असतं. नवीन बॅच फ्लोअरवर आली की पहिल्या आठवड्यात हीच चूक हमखास दिसते. कस्टमरने ‘ग्रेट, थँक्स’ लिहिलं की पोरं खूश होतात, क्लोजिंगचा रेडीमेड मेसेज टाकतात, रेटिंगची लिंक चिकटवतात आणि पुढचं चॅट उचलतात. अरे बाबांनो, तो थँक्स कशासाठी आलाय ते तरी बघा!

सगळ्यात मोठी चूक: फक्त शेवटचे दोन शब्द वाचणं

एक केस सविस्तर सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यात येतं. घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या एक मॅडम होत्या, वॉशिंग मशीनमधलं पाणी बाहेर जात नव्हतं. टेक्निशियन एकदा येऊन गेला, ड्रेन पंप बदलावा लागेल म्हणाला, पार्ट मागवला. दुसरी व्हिजिट बुधवारची ठरली होती, त्या दिवशी कोणीच गेलं नाही. मॅडमनी चॅट उघडलं, आमच्याकडच्या नवीन मुलाने स्क्रीनवर बघून खरं ते सांगितलं, ‘मॅम, पार्ट अजून आलेला नाही, नवीन व्हिजिट शनिवारी 10 ते 2 मध्ये लावली आहे.’ मॅडमचं उत्तर, ‘ग्रेट. थँक्स.’

यावर त्याने लिहिलं, ‘वेलकम मॅम! आपला दिवस आनंदात जावो,’ खाली रेटिंगची लिंक, आणि तिकिटावर रिझॉल्व्हड मारून मोकळा. खरा घोळ इथे झाला, कारण त्या सिस्टीममध्ये तिकीट रिझॉल्व्हड झालं की त्याला जोडलेली व्हिजिट टेक्निशियनच्या यादीतून आपोआप निघून जायची. शनिवारी मॅडम दोन वाजेपर्यंत घरात थांबल्या आणि कोणीच आलं नाही. सोमवारी कम्प्लेंट थेट वर गेली, सोबत चॅटचे स्क्रीनशॉट, आणि त्या ‘आनंदात जावो’ला लाल गोल केलेला.

मुलगा मला म्हणाला, ‘सर, पण त्या थँक्स म्हणाल्या होत्या.’ मी त्याला तेच चॅट वर स्क्रोल करायला लावलं. पहिल्या दिवशी मॅडमनी मोठा मेसेज लिहिलेला, मॉडेल नंबर, बी विंगची लिफ्ट वापरा, गेटवर एन्ट्री करावी लागते, सगळं नीट. बुधवारी संध्याकाळी, ‘आज कोणी आलं नाही.’ आणि मग ‘ग्रेट. थँक्स.’ माणूस एवढा आखडत आलाय हे दिसायला कुठलं ट्रेनिंग लागत नाही, अर्धं मिनिट वर बघायला लागतं, पण घाईत असलेल्यांना तेच अर्धं मिनिट जड जातं. आणि आपण काय दिलं होतं त्यांना? पार्ट नाही आणि नवीन तारीख. वाईट बातमीवर ‘ग्रेट’ आलं की ते ‘ग्रेट’ नसण्याचीच शक्यता जास्त.

माझी सवय एकच आहे, थँक्सच्या बरोबर वरचा आपला मेसेज वाचायचा आणि स्वतःला विचारायचं की यात आभार मानण्यासारखं काही दिलं का आपण? रिफंड जमा झाला, टेक्निशियन निघाला, मशीन चालू झालं, तर थँक्स खरा, मजेत बंद करा. उशीर, नकार, ‘टीम बघतेय’ असलं काही असेल तर थांबा.

टोन विचारू नका, कामाचं विचारा

थांबा म्हणलं की काही जण दुसऱ्या टोकाला जातात, ‘मॅम आपण नाराज आहात का?’ असं थेट विचारतात. समोरचा नाराज असेल तर अजून भडकतो, नसेल तर गोंधळतो. वाशीच्या एका काकांच्या बाबतीत हेच झालं. त्यांचा फ्रिज खरंच नीट झाला होता, त्यांनी मनापासून ‘छान. धन्यवाद.’ लिहिलं, आणि आमच्या पोरीने त्यावर लांबलचक माफीनामा पाठवला. काकांनी घाबरून कॉल केला, ‘अहो, अजून काही बिघाड आहे का फ्रिजमध्ये, सांगा ना स्पष्ट!’

म्हणून असं उत्तर लिहायचं जे दोन्ही अर्थांना चालेल. कासारवडवलीच्या केसमध्ये मी लिहिलं असतं, ‘मॅम, बुधवारी कोणी आलं नाही आणि आता शनिवारपर्यंत थांबावं लागतंय, त्याबद्दल सॉरी. शनिवारी 10 ते 2 घरी कोणी असेल का, की रविवारची वेळ बघू? शुक्रवारी संध्याकाळी पार्ट आला की नाही ते मी स्वतः कळवतो, तोपर्यंत तिकीट चालूच ठेवतोय.’ थँक्स खरा असेल तर त्या ‘शनिवार चालेल’ म्हणतील. टोमणा असेल तर राग बाहेर यायला जागा मिळते, आणि निदान तिकीट तरी उघडं राहतं. मात्र हे एकदाच विचारायचं, उत्तर नाही आलं म्हणून परत परत टोचायचं नाही, शुक्रवारी कबूल केलेला मेसेज तेवढा पाठवायचा.

‘मला वाचून लगेच कळतं’ हा भ्रम

हे बोलणारे मला सगळ्यात जास्त त्रास देतात. 2005 साली अमेरिकेत क्रुगर, एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केले होते. लोकांना काही वाक्यं खरी आणि काही टोमण्याची पाठवायला लावली, ईमेलवर आणि आवाजातून. पाठवणाऱ्यांना वाटलं होतं की समोरचा साधारण 78 टक्के वेळा बरोबर ओळखेल. आवाजात 73 टक्क्यांपर्यंत जमलं, ईमेलवर 56, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी फार फरक पडला नसता. तेव्हा नुसत्या दोन शब्दांवरून ‘मला कळतं’ म्हणू नका, आजूबाजूला काय घडलंय ते बघा.

पूर्णविरामावरून निकाल देणं

2015 मध्ये बिंगहॅम्टन युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात दिसलं होतं की मोबाईलवरच्या एका शब्दाच्या उत्तराला पूर्णविराम असेल तर वाचणाऱ्याला ते कमी मनापासूनचं वाटतं, तेच हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र तसा फरक दिसला नाही. पण वाचणारे कॉलेजची मुलं होती. आपल्याकडे बँकेतून रिटायर झालेले काका प्रत्येक ओळीला पूर्णविराम देतात, वरच्या वाशीच्या काकांनीही दिलाच होता. त्याच माणसाचे आधीचे मेसेज बघा, तिथे पूर्णविराम नसेल आणि आज अचानक आला असेल तरच त्याला काही अर्थ आहे.

बाकीच्या छोट्या

छोटं उत्तर म्हणजे राग, असं नाही. संध्याकाळी ठाणे स्टेशनला ट्रेन पकडताना माणूस दोनच शब्द टाईप करणार.

आपलेच शब्द परत आले, ‘वा, लवकरच! थँक्स,’ तर जास्त विचार करायची गरज नाही, तो टोमणाच धरा.

रेटिंगची लिंक रेडीमेड मेसेजमधून काढा आणि वेगळी ठेवा, काम खरंच पूर्ण झालं असेल तेव्हाच हाताने टाका.

दोन व्हिजिट चुकल्या असतील, पैसे अडकले असतील किंवा घरात लहान बाळ, आजारी माणूस आहे असं आधी लिहिलेलं असेल, तर चॅटवर अंदाज करत बसू नका, कॉल लावा. आणि कॉलवर सुरुवात ‘तुमच्या मेसेजबद्दल विचारायचं होतं’ अशी नको, सरळ पार्ट कुठे आहे आणि कधी येणार ते आधी सांगा.